प्रदर्शनाच्या स्टॉलचे सामान : जाण्याची यादी आणि परतीचे नियोजन

व्यापारी प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी जे सामान पाठवले जाते ते चार प्रकारचे असते. दाखवायचे नमुने, वाटायची माहितीपत्रके, स्टॉल उभा करण्याचे साहित्य, आणि हे सगळे ज्यांतून जाते त्या लाकडी पेट्या. प्रत्येकाचा शेवट वेगळा असतो. नमुने परत आणायचे असतात, माहितीपत्रके संपवायची असतात, मांडणीचे साहित्य पुढच्या प्रदर्शनात पुन्हा वापरायचे असते आणि पेट्या परतीच्या प्रवासातही धड राहायला हव्या असतात. म्हणून सामानाच्या यादीत वस्तूचे नाव आणि नग एवढेच लिहून भागत नाही. प्रदर्शन संपल्यावर त्या वस्तूचे काय होणार, हेही निघण्यापूर्वीच त्याच ओळीत लिहावे लागते. विशेषतः परदेशातल्या प्रदर्शनात सीमाशुल्काचे सगळे कागद याच एका प्रश्नावर अवलंबून असतात.

हे नीट समजण्यासाठी एक नमुनादाखल उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतली एक फाउंड्री बिडाचे ओतीव भाग तयार करते : पंपांची आवरणे, व्हॉल्व्हचे सांगाडे, लहान ब्रॅकेट. तिला जर्मनीतल्या हॅनोव्हर इथे दर वसंत ऋतूत भरणाऱ्या औद्योगिक प्रदर्शनात बारा चौरस मीटरचा स्टॉल घ्यायचा आहे. सामान न्हावा शेवा बंदरातून हॅम्बुर्गला जहाजाने जाईल आणि तिथून ट्रकने प्रदर्शनाच्या मैदानावर पोहोचेल. प्रदर्शन सोमवारी सुरू होऊन शुक्रवारी संपेल, असे धरले आहे.

परतणारे आणि न परतणारे

यादीचे पहिले विभाजन पेटीनुसार करायचे नसते. ते परतीनुसार करायचे असते. परत येणाऱ्या वस्तू ‘एटीए कार्नेट’ या कागदावर पाठवता येतात. कार्नेट म्हणजे तात्पुरत्या आयातीचा आंतरराष्ट्रीय परवाना. तो असला की जर्मनीत त्या मालावर आयात शुल्क आणि आयातीवरचा १९ टक्के व्हॅट भरावा लागत नाही, कारण माल मुदतीत परत जाईल याची हमी त्या कागदामागे असते. भारतात कार्नेट देण्याचे आणि त्याची हमी घेण्याचे काम ‘फिक्की’ ही उद्योजकांची संघटना करते. त्यासाठी ती अर्जदाराकडून तारण घेते. कार्नेट जास्तीत जास्त एक वर्ष चालते.

हमी परतीची असल्यामुळे जे परत येणारच नाही ते कार्नेटवर घालता येत नाही. माहितीपत्रके, वाटायच्या भेटवस्तू, चहा-बिस्किटे, पुसायची फडकी, चिकटपट्टी हे सगळे संपणारे सामान आहे. ते कार्नेटवर घातले, तर शेवटी ‘आले इतके, गेले इतके’ हा हिशेब जुळत नाही आणि न परतलेल्या मालाचे शुल्क मागितले जाते. म्हणून अशा सामानाची यादी वेगळी, बीजक वेगळे आणि शक्यतो पेटीही वेगळी ठेवतात. प्रदर्शनात फुकट वाटल्या जाणाऱ्या छापील साहित्यावर आणि किरकोळ नमुन्यांवर युरोपीय संघात काही मर्यादेपर्यंत शुल्कात सवलत मिळते. मात्र त्यासाठीही किंमत लिहावीच लागते. वस्तू फुकट वाटायची आहे म्हणून बीजकावर शून्य किंमत लिहिणे ही नेहमी होणारी चूक आहे. सीमाशुल्क अधिकाऱ्याला वस्तूचे मूल्य हवे असते. ती कोणाला विकणार की वाटणार, हा त्यानंतरचा प्रश्न असतो.

तिसरा, अवघड गट ‘कदाचित परत न येणाऱ्या’ नमुन्यांचा असतो. एखाद्या गिऱ्हाइकाला ब्रॅकेट आवडतो आणि चाचणीसाठी तो सोबत न्यायची त्याची इच्छा असते. तो नमुना कार्नेटवर असेल तर तसाच हातात देता येत नाही. आधी स्थानिक एजंटामार्फत तो रीतसर आयात करून त्याचे शुल्क भरावे लागते आणि त्या भरण्याचा पुरावा जपावा लागतो. यावर साधा उपाय म्हणजे देण्याजोग्या लहान नमुन्यांचा एक-एक जास्तीचा नग न परतणाऱ्या यादीत घालणे. त्याचे शुल्क सुरुवातीलाच भरले जाते आणि स्टॉलवर निर्णय घेण्याची वेळ येत नाही.

यादीची एक ओळ

कार्नेटला जोडलेल्या सर्वसाधारण यादीत प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक, वर्णन आणि खुणा, नगसंख्या, वजन, मूल्य आणि उत्पादनाचा देश एवढे रकाने असतात. कारखान्याने स्वतःच्या वापरासाठी त्यात आणखी दोन रकाने वाढवावेत : पेटी क्रमांक आणि परतीचा निर्णय.

यादीतला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘खुणा’. ‘बिडाचे व्हॉल्व्हचे भाग, नग १४’ अशी ओळ कागदावर बरोबर असली तरी उपयोगाची नसते. परत आलेले चौदा भाग तेच आहेत, हे न्हावा शेवाच्या अधिकाऱ्याला त्यावरून ओळखता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक नमुन्याच्या न दिसणाऱ्या बाजूला नंबर पंचाने क्रमांक ठोकावा आणि यादीत ‘बिडाचा व्हॉल्व्हचा सांगाडा, व्यास ८० मिलिमीटर, खूण के-०७, नग १, वजन ९ किलो’ असे लिहावे. नमुन्याचा आणि त्या क्रमांकाचा फोटो काढून फाइलला लावावा. वरून चिकटवलेला कागदी क्रमांक तेलात सुटतो. ठोकलेला क्रमांक राहतो.

‘संच’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. मांडणीच्या स्टँडचा ‘१ संच’ लिहिला आणि त्यातले दोन पाइप हॅनोव्हरला राहिले, तर संच परत आला की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. संचाखाली त्यातले खांब, आडव्या पट्ट्या, फळ्या आणि दिवे नगांसह लिहिणे सुरक्षित असते.

एकदा दिलेल्या कार्नेटच्या यादीत नंतर भर घालता येत नाही. सगळे वेळापत्रक त्यामुळेच मागे सरकते. ते पुढे येईलच.

वजन आणि घनफळ

शिरोलीच्या फाउंड्रीने सामान चार पेट्यांत बसवले. पहिलीत सहा जड ओतीव भाग, दुसरीत चौदा लहान नमुने आणि आतली रचना दाखवण्यासाठी कापलेला एक पंप, तिसरीत मांडणीचे साहित्य आणि अवजारे, चौथीत माहितीपत्रके, भेटवस्तू आणि देण्याचे जास्तीचे नमुने. बाहेरची मापे आणि एकूण वजने अशी :

| पेटी | मापे (सेंमी) | घनफळ (घनमीटर) | एकूण वजन (किलो) | कागद |
|---|---|---|---|---|
| १ | १०० × ८० × ७० | ०.५६० | २६० | कार्नेट |
| २ | ८० × ६० × ६० | ०.२८८ | १२० | कार्नेट |
| ३ | २२० × ७० × ६० | ०.९२४ | १५० | कार्नेट |
| ४ | ८० × ६० × ६० | ०.२८८ | १२६ | वेगळे बीजक |
| एकूण | | २.०६० | ६५६ | |

इतके थोडे सामान पूर्ण कंटेनर भरत नाही. ते इतरांच्या मालासोबत एका कंटेनरमधून जाते. अशा सुट्या मालाचे समुद्री भाडे घनमीटर किंवा टन यांपैकी जो आकडा मोठा त्यावर आकारतात. इथे २.०६ घनमीटर हा आकडा ०.६५६ टनापेक्षा मोठा आहे, म्हणून भाडे घनफळावर लागेल. विमानाने पाठवायचे तर हिशेब उलटा होतो. विमान कंपन्या साधारणपणे लांबी, रुंदी आणि उंचीच्या सेंटिमीटरमधल्या गुणाकाराला ६,००० ने भागून आकारमानाचे वजन काढतात. ते या चार पेट्यांचे सुमारे ३४३ किलो भरते. खरे वजन ६५६ किलो, म्हणजे भाडे खऱ्या वजनावर लागणार. समुद्रमार्गाने जाताना मांडणीची लांब पेटी महाग पडते. विमानाने जाताना बीड आणि कागद महाग पडतात. एखादी गोष्ट उशिरा तयार होणार असेल, तर ती शक्यतो हलकी असावी, हा यातून निघणारा व्यावहारिक नियम.

कागद किती जड असतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. एक चौरस मीटर कागदात ए-फोर आकाराची सोळा पाने बसतात. बत्तीस पृष्ठांची पुस्तिका म्हणजे सोळा पाने, म्हणजे नेमका एक चौरस मीटर कागद. कागद १३० ग्रॅमचा असेल तर आतली पाने १३० ग्रॅम आणि जाड मुखपृष्ठ सुमारे ३० ग्रॅम, मिळून एक प्रत १६० ग्रॅमची होते. अशा हजार प्रतींचे वजन १६० किलो. ते नमुन्यांच्या पहिल्या पेटीतल्या सगळ्या बिडाच्या निम्म्याहून अधिक आहे. म्हणून या फाउंड्रीने गंभीर चौकशी करणाऱ्यांसाठी मोठ्या पुस्तिकेच्या ३०० प्रती (४८ किलो) आणि सर्वांना वाटण्यासाठी आठ पानी घडीपत्रकाच्या १,००० प्रती (सुमारे ३८ किलो) घेतल्या. दोन्ही मिळून ८६ किलो झाले. उरलेले १५ किलो भेटवस्तू आणि जास्तीच्या नमुन्यांचे, आणि पेटी २५ किलोची.

पेट्या : दोनदा उघडण्यासाठी बांधलेल्या

गिऱ्हाइकाकडे माल पाठवताना पेटी एकदाच उघडली जाते. प्रदर्शनाची पेटी किमान दोनदा उघडते आणि दोनदा बंद होते, तीही स्टॉलच्या अरुंद जागेत, हातात मोजकी अवजारे असताना. त्यामुळे झाकणाला खिळे चालत नाहीत. खिळा उपटताना प्लायवूडची कड तुटते आणि दुसऱ्यांदा तो धरत नाही. झाकण स्क्रूने किंवा क्लिपने बसवावे, आणि स्क्रू काढायचे पाते अवजारपेटीत आहे याची खात्री करावी. ही अवजारपेटी तिसऱ्या पेटीत सर्वांत वर ठेवावी आणि तिसऱ्या पेटीवर ‘प्रथम उघडा’ असे इंग्रजीत व जर्मनमध्ये लिहावे. अवजारे सर्वांत तळाशी गेली की पेटी उघडायला शेजारच्या स्टॉलवरून पाना मागत फिरावे लागते.

लाकडाबाबत एक आंतरराष्ट्रीय नियम आहे. आयएसपीएम-१५ या नावाच्या या मानकानुसार कच्च्या लाकडाची पॅकिंग किडीपासून मुक्त असावी लागते. त्यासाठी लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवतात किंवा अन्य मान्य प्रक्रिया करतात आणि त्यावर गव्हाच्या कणसासारखी खूण, देशाचा संकेत, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक व प्रक्रियेचा संकेत असा शिक्का मारतात. प्लायवूड बनतानाच उष्णता आणि दाब यांतून जाते, म्हणून त्याला हा नियम लागू नाही. पण प्लायवूडच्या पेटीखालचे फोर्कलिफ्टसाठीचे ठोकळे कच्च्या लाकडाचे असतील, तर त्यांना शिक्का लागतोच. ‘आमची पेटी प्लायची आहे’ असे सांगून सुटका होत नाही.

हाच नियम परतीच्या वाटेवर पुन्हा आडवा येतो. पेटीची एखादी पट्टी हॅनोव्हरमध्ये मोडली आणि तिथे मिळेल त्या बिनशिक्क्याच्या फळीने ती दुरुस्त केली, तर पेटीवरचा जुना शिक्का त्या फळीला लागू होत नाही. लाकडी पॅकिंगच्या आयातीसाठी भारतातही शिक्का बंधनकारक आहे. म्हणून दुरुस्तीसाठी प्लायवूडच्या दोन पट्ट्या आणि मूठभर स्क्रू पेटीतच ठेवतात.

पेटीच्या आतली व्यवस्था नमुन्यावर अवलंबून असते. जड ओतीव भाग तळाला बोल्टने आवळावे लागतात. नुसता फोम ४० किलोच्या बिडाला धरून ठेवत नाही. मशीनिंग केलेला चकचकीत पृष्ठभाग समुद्राच्या दमट हवेत गंजतो. त्यावर गंजरोधक वाफ सोडणारा, व्हीसीआय नावाचा कागद गुंडाळून भाग त्याच प्रकारच्या पिशवीत बंद करतात. हा कागद धातूच्या जवळ आणि बंद जागेतच काम करतो. फाटक्या किंवा उघड्या पिशवीत त्याचा उपयोग होत नाही. त्यामुळे परतीसाठी नव्या पिशव्यांचा संच सोबत न्यावा लागतो आणि तो संपणाऱ्या वस्तूंच्या यादीत लिहावा लागतो. भाग हातमोज्यांशिवाय हाताळला की घामाच्या बोटांचे ठसे काही आठवड्यांनी गंजाच्या रूपाने उमटतात. गंज पेटीतल्या पाण्याने आला की हाताळण्यामुळे, हे त्या ठशांवरून कळते.

मांडणीच्या साहित्यात दोन गोष्टी तपासाव्यात. कापडी फलक आणि पडदे आगीला दाद न देणारे असावे लागतात. जर्मन प्रदर्शनांत त्यासाठी ‘बी-१’ या वर्गाची अट सर्वत्र दिसते आणि तपासनीस प्रमाणपत्र मागू शकतो. ते प्रमाणपत्र पेटीत न ठेवता कागदांच्या फाइलमध्ये ठेवावे. दुसरी गोष्ट विजेची. जर्मनीतही वीज २३० व्होल्टची असली तरी भारतातला तीन जाड पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. खुर्च्या, टेबल आणि फ्रीज तिथेच भाड्याने घेणे पेटी वाढवण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते.

प्रत्येक पेटीच्या दोन शेजारच्या बाजूंवर ‘१/४, २/४’ असा क्रमांक, निव्वळ आणि एकूण वजन, मापे, प्रदर्शनाचे नाव, हॉल आणि स्टॉल क्रमांक लिहावा. झाकणाच्या आतल्या बाजूला, भरलेल्या पेटीचा प्रत्येक थरानुसार काढलेला फोटो प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवावा. परतीच्या रात्री हा फोटो कोणत्याही सूचनापत्रकापेक्षा जास्त उपयोगी ठरतो.

उद्‌घाटनापासून मागे मोजलेले दिवस

मुंबई परिसरातून उत्तर युरोपला जाणारी जहाजे २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे मोठ्या संख्येने केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. त्यामुळे प्रवास लांबला. म्हणून या उदाहरणात समुद्रप्रवासाला ४५ दिवस धरले आहेत. प्रत्यक्षात नोंदणीच्या वेळी फॉरवर्डरकडून आकडा घ्यावा.

सोमवारी उद्‌घाटन म्हणजे पेट्या शुक्रवारी स्टॉलवर हव्यात, उद्‌घाटनाच्या तीन दिवस आधी. जर्मनीतल्या एजंटाच्या गोदामात त्या दहा दिवस आधी आणि हॅम्बुर्गला सतरा दिवस आधी पोहोचायला हव्यात. त्यातून ४५ दिवस वजा केले की जहाज ६२ दिवस आधी सुटायला हवे. बंदराजवळच्या कंटेनर केंद्रात माल ७० दिवस आधी, आणि शिरोलीहून ट्रक ७४ दिवस आधी निघायला हवा. कार्नेटचा अर्ज, तारण आणि तपासणी यांना दोन आठवडे राखले तर यादी ९० दिवस आधी पक्की होते. म्हणजे एप्रिलच्या प्रदर्शनाची नमुन्यांची यादी जानेवारीत बंद होते. त्यानंतर ओतलेला सुंदर भाग या पेट्यांत जाऊ शकत नाही. तो स्वतंत्र कागदांवर विमानाने पाठवावा लागतो.

देशातल्या टप्प्याचे कागद वेगळे असतात. प्रदर्शनासाठी परदेशी जाणारा माल हा जीएसटीच्या दृष्टीने पुरवठा ठरत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १८ जुलै २०१९ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. म्हणून कर बीजकाऐवजी डिलिव्हरी चलन काढतात, तीन प्रतींत. सोबत ई-वे बिल लागते आणि त्यात कारण म्हणून ‘प्रदर्शन’ हा पर्याय निवडतात. शिरोली ते न्हावा शेवा हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे, आणि दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने ई-वे बिल दोन दिवस चालते. ट्रक वाटेत बंद पडला तर मुदत संपण्याच्या सुमारास ती वाढवून घ्यावी लागते.

याच परिपत्रकात परतीची एक मुदत आहे. माल निघाल्यापासून सहा महिन्यांत तो विकला जावा किंवा परत यावा. नाहीतर सहा महिने पूर्ण होताच तो पुरवठा झाला असे धरून बीजक काढावे लागते. कार्नेटचे एक वर्ष पाहून निर्धास्त झालेल्या कारखान्यांचे लक्ष या मुदतीकडे जात नाही. शिरोलीच्या उदाहरणात माल उद्‌घाटनाच्या ७४ दिवस आधी निघाला. प्रदर्शन संपल्यावर जर्मनीतली तपासणी आणि कंटेनर भरणे यांत तो पंधराव्या दिवशी जहाजावर चढला, साठाव्या दिवशी न्हावा शेवाला उतरला आणि सत्तराव्या दिवशी शिरोलीला आला, तर प्रदर्शनाचे दिवस धरून एकूण १४८ दिवस झाले. सहा महिन्यांतले पाच महिने जवळजवळ संपले. सुमारे ३४ दिवस हातात उरतात. तेवढ्यात त्याच पेट्या युरोपातल्या दुसऱ्या प्रदर्शनाला न्यायचा मोह झाला, तर परतीचा प्रवास विमानाने करावा लागेल.

शेवटची संध्याकाळ

स्टॉलवर सामान मांडून झाले की रिकाम्या पेट्या तिथे ठेवता येत नाहीत. मैदानावरचा अधिकृत वाहतूकदार त्या उचलून नेतो आणि प्रदर्शन संपेपर्यंत शुल्क घेऊन साठवतो. पेटी ‘रिकामी’ असल्याचे त्याचे स्टिकर हॉल आणि स्टॉल क्रमांकासह लावावे लागते. इथे दोन चुका होतात. पेटीत जास्तीची माहितीपत्रके तशीच ठेवली जातात आणि पाच दिवस ती हाताला लागत नाहीत. किंवा परतीच्या पॅकिंगचे साहित्य पेटीतच राहते आणि पेट्या परत येईपर्यंत नमुने गुंडाळता येत नाहीत. म्हणून व्हीसीआय पिशव्या, टेप, हातमोजे, परतीची लेबले आणि यादीच्या दोन प्रती एका पिशवीत घालून स्टॉलवरच्या कपाटात ठेवाव्यात.

प्रदर्शन शुक्रवारी संध्याकाळी बंद होते आणि त्याआधी स्टॉल मोडायला बहुतेक आयोजक मनाई करतात. रिकाम्या पेट्या लगेच येत नाहीत. हजारो पेट्या एकाच वेळी बाहेर काढायच्या असतात आणि शेवटची पेटी रात्री उशिरा येऊ शकते. या रिकाम्या वेळेतच परतीचे अर्धे काम उरकते. टॅब्लेट आणि किमती वस्तू आधी स्वतःजवळ घ्याव्यात, कारण हॉल मोडला जात असताना चोऱ्या होतात. मग प्रत्येक नमुना यादीतल्या ठोकलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा, पुसून नव्या पिशवीत बंद करावा आणि पेटी क्रमांकाप्रमाणे जमिनीवर ढीग लावावेत. पेटी आली की झाकणातला फोटो पाहून ती भरली जाते.

एखादा नग सापडला नाही तर ती बाब तिथेच यादीवर लिहून एजंटाला कळवावी. कार्नेटवरची यादी पूर्ण असल्याचे दाखवून कमी माल पाठवणे सर्वांत महाग पडते. जर्मन सीमाशुल्क अधिकारी पुनर्निर्यातीच्या पानावर जेवढे नग पाहील तेवढ्यांचाच शिक्का मारतो; राहिलेल्या नगाचे शुल्क भरून प्रकरण बंद करता येते, पण खोटी नोंद सापडली तर सगळा माल अडकतो.

पेट्या बंद करण्यापूर्वी येतानाची सगळी लेबले काढून किंवा काळी करून टाकावीत. जुन्या लेबलावर हॅनोव्हरचा हॉल आणि नव्यावर न्हावा शेवा असे दोन पत्ते असले, तर गोदामातला माणूस दिसेल तो पत्ता वाचतो. चौथी पेटी परत जात नाही. उरलेली माहितीपत्रके तिथल्या विक्री प्रतिनिधीकडे द्यावीत किंवा कागदाच्या कचऱ्यात टाकावीत. ती भाडे भरून परत आणण्यात काही अर्थ नाही. परतीला तीन पेट्या राहतात : १.७७२ घनमीटर आणि जास्तीत जास्त ५३० किलो. प्रत्यक्ष वजन यापेक्षा बरेच कमी किंवा जास्त भरले, तर काहीतरी राहिले आहे किंवा चुकून आले आहे, हे तराजूवरच कळते.

पेट्या एजंटाच्या ताब्यात देताना पेट्यांची संख्या आणि वजने लिहिलेली पावती घ्यावी आणि ती मिळेपर्यंत एक माणूस स्टॉलवर थांबावा. विम्याची मुदतही इथे तपासली जाते : शिरोली ते शिरोली, मधले प्रदर्शनाचे दिवस धरून, असा तो हवा. केवळ समुद्रप्रवासाच्या विम्यात मैदानावरची मोडतोड धरली जात नाही.

शिक्क्यांचा हिशेब

परतीच्या टप्प्यात कार्नेटवर चार शिक्के पुरे व्हायला हवेत : भारतातून निर्यातीचा, जर्मनीत आयातीचा, जर्मनीतून पुनर्निर्यातीचा आणि भारतात पुनरायातीचा. भारतातले दोन पिवळ्या पानांवर आणि जर्मनीतले दोन पांढऱ्या पानांवर असतात. यांपैकी बहुधा राहून जातो तो तिसरा. माल घाईने कंटेनरमध्ये भरला जातो आणि युरोपीय संघाच्या सीमेवर पान फाडून घेतलेच जात नाही. मग माल शिरोलीत पोहोचलेला असला तरी जर्मनीच्या नोंदीत तो तिथेच राहिलेला दिसतो आणि काही महिन्यांनी शुल्काची मागणी येते. तेव्हा भारतातल्या पुनरायातीचा शिक्का हा बचावाचा मुख्य पुरावा ठरतो. म्हणून प्रत्येक शिक्क्यानंतर त्या पानाचा फोटो कारखान्यात पाठवण्याची जबाबदारी एका माणसावर सोपवलेली असावी.

कार्नेट न घेता साध्या शिपिंग बिलावर माल गेला असेल, तर परत येताना पुनरायातीची वेगळी सवलत मिळू शकते. प्रदर्शनासाठी गेलेल्या मालाला ती लागू होते, असे जुलै २०१९ मधल्याच दुसऱ्या एका परिपत्रकाने सांगितले आहे. मात्र तीच वस्तू परत आली आहे हे पटवून द्यावे लागते. तिथेही नंबर पंचाने ठोकलेला क्रमांक, त्याचा फोटो आणि जातानाच्या कागदांवरची तीच नोंद एवढेच कामाला येते.

पेट्या शिरोलीत उतरल्यावर यादी तिसऱ्यांदा ताडून पाहावी आणि प्रत्येक ओळीपुढे ‘परत आले’, ‘विकले, शुल्क भरले’ किंवा ‘वापरले’ यांपैकी एक शब्द लिहावा. सर्व ओळी भरल्या की वापरलेले कार्नेट फिक्कीकडे परत द्यायचे असते. त्यानंतरच तारण मोकळे होते.